पुस्तकातलं इनपुट आणि 2B: फरक छोटा दिसला तरी बिलं ओळीने लावूनच पाहा

प्रश्न: कणकवलीत आमचं हार्डवेअर आणि रंगाचं दुकान आहे, रिटर्न मासिक. जानेवारीचं टॅलीतलं इनपुट १,६२,७२० रुपये निघतं आणि पोर्टलवरच्या 2B मध्ये १,६४,९५२ दिसतं. फरक २,२३२ चाच आहे. 2B चा आकडा तसाच ठेवून 3B भरून टाकलं तर चालेल का, की पुस्तकातला घ्यायचा? दर महिन्याला असा थोडा फरक राहतोच. खरेदीची यादी आणि 2B ची एक्सेल सोबत जोडतो.

उत्तर:

दोन्ही आकडे चालणार नाहीत. तुमच्या याद्या मी ओळीने लावून पाहिल्या. जानेवारीसाठी तुम्हाला घेता येणारं इनपुट १,४१,५५२ रुपये आहे. 2B चा आकडा तसाच ठेवलात तर २३,४०० रुपये जास्त घेतले जातील आणि पुस्तकातला घेतलात तर २१,१६८ रुपये जास्त. वरून दिसणारा २,२३२ चा फरक हा दोन्ही बाजूंच्या चुका एकमेकींत वजा होऊन उरलेला आकडा आहे, त्यामुळे तो छोटा असण्याला काही अर्थ नाही.

यात एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. 3B मधलं इनपुट 2B पेक्षा ठरावीक मर्यादेपलीकडे जास्त झालं, की पोर्टलवरून DRC-01C येतो आणि सात दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पण तुमचे दोन्ही आकडे 2B इतके किंवा त्याहून कमीच आहेत. म्हणजे यातला कुठलाही भरला असता तरी पोर्टल गप्पच राहिलं असतं. चूक बाहेर आली असती ती दोन-तीन वर्षांनी, खात्याच्या तपासणीत, आणि तोवर ते इनपुट वापरून झालेलं असल्यामुळे वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज लागलं असतं. पोर्टलला तपासता येतं ते इतकंच, की पुरवठादाराने बिल दाखवलं आहे की नाही. माल तुमच्या गोदामात उतरला का, बिल खरोखर तुमचं आहे का, हे तुमच्याशिवाय कोणाला ठाऊक नसतं.

आधी जुळवणी कशी लावायची ते सांगतो, मग तुमच्या एकेका बिलाकडे येतो.

2B ची एक्सेल उघडली की 'B2B' पानावर बिलं असतात आणि 'B2B-CDNR' पानावर क्रेडिट नोटा. दोन्ही पानांवरच्या, ITC Availability समोर 'Yes' असलेल्या ओळी एकाखाली एक घ्या आणि क्रेडिट नोटांचे आकडे वजा चिन्हाने ठेवा. पुस्तकातली यादी दुसऱ्या पानावर घ्या. बिल नंबर लिहिण्याची तऱ्हा दोन्हीकडे वेगळी असते, आणि निम्म्या बिलांचा गोंधळ तिथूनच सुरू होतो. पुरवठादार `SK/25-26/417` लिहितो आणि दुकानातला मुलगा टॅलीत नुसतं ४१७ टाकतो. म्हणून जीएसटीआयएन आणि बिल नंबर जोडून एक खूण तयार करायची आणि नंबरातल्या तिरक्या रेघा, डॅश, मोकळ्या जागा काढून टाकायच्या:

```
=A2&"|"&SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(B2,"/",""),"-","")," ","")
```

ही खूण दोन्ही पानांवर K स्तंभात ठेवा, एकूण कर L स्तंभात, आणि मग फरक काढा:

```
=SUMIFS(Books!L:L,Books!K:K,K2)-SUMIFS('2B'!L:L,'2B'!K:K,K2)
```

शून्य आलं की ते बिल जुळलं. एका बिलात दोन दर असले तर त्याच्या दोन ओळी होतात, म्हणून बेरीज करणारं सूत्र दोन्ही बाजूंना लावलंय. रुपया-दोन रुपयांचा फरक पूर्णांक करण्यातून येतो. तिथे 2B मधला आकडा कमी असेल तर तोच घ्या आणि उरलेले पैसे राउंड ऑफला टाका. उरलेल्या न जुळलेल्या ओळी डोळ्यांनी बघायच्या. त्यात बऱ्याच ठिकाणी नुसता नंबरच अर्धवट लिहिलेला सापडतो. तो पुस्तकात दुरुस्त करा, म्हणजे पुढच्या महिन्यात तीच कटकट नको. टॅलीप्राइममध्ये 2B ची फाइल आत घेऊन हेच काम आपोआप होतं. ते वापरत असाल तर उत्तमच, पण त्यानंतरचा निर्णय ते करून देत नाही.

ही जुळवणी बेरजेवर न करता सीजीएसटी, एसजीएसटी आणि आयजीएसटी वेगळे ठेवून करा. कर्नाटकातल्या व्यापाऱ्याचं आयजीएसटीचं बिल पुस्तकात सीजीएसटी-एसजीएसटी म्हणून चढलं असेल, तर बेरीज जुळेल आणि तरीही क्रेडिट लेजर चुकेल.

तुमच्या याद्यांत १,४२,९२० रुपयांची बिलं दोन्हीकडे जुळतात. त्यांचा प्रश्न मिटला. राहिली सात बिलं.

पुस्तकात आहेत आणि 2B च्या उपलब्ध इनपुटात नाहीत अशी तीन. पहिलं रत्नागिरीच्या पाइपवाल्याचं १६ जानेवारीचं बिल, ६०,००० चा माल आणि १०,८०० कर. पोर्टलवर त्याचा जीएसटीआयएन टाकून शोधलात तर रिटर्न तिमाही असल्याचं दिसेल. तिमाहीवाल्याला जानेवारी आणि फेब्रुवारीची बिलं IFF मधून पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत टाकता येतात, पण ते ऐच्छिक आहे. त्याने जानेवारीसाठी ते केलेलं नाही. आता त्याचं बिल बहुधा मार्चअखेरच्या GSTR-1 मध्ये येईल. तो १३ एप्रिलपर्यंत भरायचा असतो, म्हणजे तुमच्या मार्चच्या 2B मध्ये बिल दिसेल, जी १४ एप्रिलला तयार होते. इनपुट बुडालेलं नाही, पण जानेवारीत ते घेता येणार नाही. १ जानेवारी २०२२ पासून कलम १६(२)(एए) लागू आहे. पुरवठादाराने बिल आपल्या विवरणात दाखवून ते तुमच्यापर्यंत पोचलं पाहिजे, नुसतं कागदी बिल हातात असून भागत नाही.

अशा पुरवठादाराचं पेमेंट अडवू नये असं माझं मत आहे. त्याने कायदा मोडलेला नाही. त्याला एवढंच सांगायचं, की आमची बिलं दर महिन्याला IFF मध्ये टाका. त्याच्या कर सल्लागाराला दहा मिनिटं लागतात. तुम्हाला मात्र १०,८०० रुपये २० फेब्रुवारीला रोख भरावे लागतात आणि ते वापरायला मिळतात २० एप्रिलला. हे त्याला आकड्यात सांगा, लोक ऐकतात.

दुसरं कुडाळच्या व्यापाऱ्याचं २०,००० चं बिल, कर ३,६००. हा मासिक रिटर्न भरतो, जानेवारीचा GSTR-1 भरलेला दिसतो, तरी तुमचं बिल नाही. तुम्ही कळवलंय की त्याला फोन केला तर तो म्हणाला, "भरलंय मरे, परत बघ." तो खोटं बोलतोय असं नाही. बहुतेक त्याच्याकडे हे बिल तुमच्या जीएसटीआयएनशिवाय बनलं आणि किरकोळ विक्रीत गेलं, किंवा जीएसटीआयएनचं एखादं अक्षर चुकून ते तिसऱ्याच्याच खात्यात गेलं. रिटर्न भरला का, असं विचारू नका. त्याचं उत्तर कायम 'हो' येणार. त्याला सांगा, GSTR-1 मधल्या B2B यादीत आमच्या जीएसटीआयएनसमोरचं हे बिल उघड आणि त्याचा स्क्रीनशॉट पाठव. ते उघडायला गेला की त्याचं त्यालाच कळतं. किरकोळीत गेलं असेल तर त्याने फेब्रुवारीच्या GSTR-1 मध्ये किरकोळीची रक्कम तेवढी कमी करायची आणि तुमचं बिल मूळ तारखेसह B2B मध्ये टाकायचं. त्याला जास्त कर भरावा लागत नाही, हे मुद्दाम सांगा, कारण दुरुस्ती टाळण्यामागे बहुतेक वेळा तीच भीती असते. त्याने ११ मार्चपर्यंत हे केलं तर फेब्रुवारीच्या 2B मध्ये तुम्हाला बिल दिसेल. इथे मात्र पुढच्या बिलातून कराएवढी रक्कम तोवर थांबवायला माझी हरकत नाही. चूक त्याची आहे आणि दुरुस्तीही त्याच्याच हातात आहे.

तिसरं बिल म्हापशाच्या रंगवाल्याचं, आणि सिंधुदुर्गातल्या सगळ्याच दुकानदारांनी हे समजून घ्यावं. ३०,००० चा रंग, त्यावर ५,४०० कर. त्याच्या टेम्पोने माल तुमच्या दुकानात आणून टाकला, पण बिलावर सीजीएसटी २,७०० आणि एसजीएसटी २,७०० लावलंय. तुमच्या पुस्तकातही ते तसंच चढलं. हा एसजीएसटी गोव्याचा आहे. माल महाराष्ट्रात पोचवायचा होता, म्हणजे पुरवठ्याचं ठिकाण महाराष्ट्र, आणि बिलावर आयजीएसटी हवा होता. गोव्याच्या राज्य कराचं क्रेडिट महाराष्ट्रातल्या नोंदणीला मिळत नाही, आणि सोबतचा सीजीएसटीही मिळत नाही.

हे बिल 2B मध्ये आहे, पण 'ITC not available' या भागात. कारण दिलेलं असतं, की पुरवठ्याचं ठिकाण आणि पुरवठादाराचं राज्य एकच आहे, खरेदीदाराचं वेगळं. वरच्या बेरजेत ते येत नाही, म्हणून नुसती बेरीज पाहणाऱ्याला ते हरवल्यासारखं वाटतं. पुरवठादारांची बिलं स्वीकारायची किंवा नाकारायची पोर्टलवरची सोय म्हणजे IMS, तिथेही ते दिसत नाही. पुरवठ्याच्या ठिकाणामुळे अपात्र ठरलेली बिलं तिथे न येता थेट 2B मध्ये जातात, तेव्हा ते IMS मध्ये शोधत बसू नका.

म्हापशाच्या व्यापाऱ्याकडून दुरुस्ती मागा. त्याने GSTR-1 मध्ये त्या बिलाची दुरुस्ती करून पुरवठ्याचं ठिकाण महाराष्ट्र करायचं आणि कर आयजीएसटीत दाखवायचा. त्याला आयजीएसटी वेगळा भरावा लागतो आणि आधी भरलेला गोव्यातला कर परताव्याने मागता येतो. अशा चुकीच्या प्रकारात आयजीएसटीवर व्याज लागत नाही, हेही त्याला सांगा. तरीही तो कुरकुर करणार, कारण परतावा येईपर्यंत पैसे त्याचे अडकतात. म्हणून यावर खरा उपाय माल उतरवतानाच आहे. बिलावरचा जीएसटीआयएन ३० ने सुरू होतो म्हणजे गोवा, २९ म्हणजे कर्नाटक, आपला २७. तीसवाल्या बिलावर सीजीएसटी-एसजीएसटी दिसलं की टेम्पो परत जायच्या आत बिल बदलून मागा. पोराला एवढं एक शिकवून ठेवलंत तरी वर्षाला बरीच रक्कम वाचेल. गोव्यातल्या हॉटेलच्या बिलाची गोष्ट मात्र निराळी आहे. राहण्याच्या सेवेचं ठिकाण हॉटेल जिथे आहे तिथलंच असतं, तिथे सीजीएसटी-एसजीएसटी हाच बरोबर कर, आणि त्याचं क्रेडिट तुम्हाला मिळत नाही. त्यामागे धावू नका.

आता उलट बाजू. 2B मध्ये आहेत आणि जानेवारीच्या पुस्तकात नाहीत अशा चार नोंदी.

कोल्हापूरच्या सळईवाल्याचं ३० जानेवारीचं बिल, ९०,००० चा माल, १६,२०० कर. त्याने GSTR-1 वेळेत भरला, म्हणून बिल 2B मध्ये आलं. तुमच्या यादीत तेच बिल २ फेब्रुवारीला चढलंय, कारण गाडी फोंडा घाट उतरून त्या दिवशी दुकानात आली. पुस्तकातली नोंद बरोबर आहे. क्रेडिट घ्यायला माल हातात आलेला असणं ही कलम १६(२)(बी) मधली स्वतंत्र अट आहे. बिल जानेवारीचं, 2B जानेवारीची, पण माल फेब्रुवारीचा, तर क्रेडिट फेब्रुवारीचं. 2B चा आकडा डोळे मिटून घेणाऱ्यांची सगळ्यात जास्त चूक इथे होते, आणि महिन्याच्या शेवटच्या तीन-चार दिवसांच्या बिलांत ती हमखास सापडते. त्या दिवसांची बिलं वेगळी काढा आणि गोदामाच्या आवक वहीशी किंवा ई-वे बिलाशी ताडून पाहा. बाकी महिन्याची बिलं अशी तपासत बसायची गरज सहसा पडत नाही.

हे हाताळायच्या दोन रीती आहेत. IMS मध्ये त्या बिलावर Pending करा, म्हणजे ते या महिन्याच्या 2B मधून बाजूला राहील. फेब्रुवारीत Accept केलं की त्या महिन्याच्या 2B मध्ये येईल. किंवा IMS ला हात न लावता 3B मध्ये ते 4(A)(5) मध्ये येऊ द्या, 4(B)(2) मध्ये १६,२०० उलटवा, आणि फेब्रुवारीत 4(A)(5) मध्ये परत घेऊन तोच आकडा 4(D)(1) मध्येही दाखवा. कायद्याने दोन्ही चालतात. मी पहिली सुचवेन. दुसऱ्या रीतीत उलटवलेल्या आणि परत घेतलेल्या क्रेडिटचं पोर्टलवर वेगळं खातं चालतं. ते दर महिन्याला ताळ्यावर ठेवावं लागतं आणि एखादा महिना परत घ्यायचं राहिलं तर सहा महिन्यांनी कोणाच्या ध्यानातही येत नाही.

दुसरी नोंद बँकेची. तुम्ही बँक चार्जेस २,८३२ रुपये एकत्र खर्चाला टाकलेत. त्यात २,४०० चार्जेस आणि ४३२ जीएसटी आहे, आणि बँकेने तो तुमच्या जीएसटीआयएनवर दाखवलाय. हे तुमचं हक्काचं क्रेडिट आहे. रक्कम लहान असल्याने कोणी पाहत नाही, पण मागच्या महिन्यांच्या 2B उघडून बघा, दर महिन्याला असंच सुटत आलं असणार. त्या जुन्या बिलांचं क्रेडिट कलम १६(४) ची मुदत असेपर्यंत घेता येतं. म्हणजे आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा वार्षिक विवरण त्याआधी भरलं तर तोपर्यंत. मात्र तुम्ही आतापर्यंत 2B चाच आकडा भरत आला असाल, तर ते आधीच घेतलं गेलंय. ते आधी तपासा, नाहीतर दोनदा घेतलं जाईल.

तिसरी नोंद रंगाच्या घाऊक व्यापाऱ्याची ३१ जानेवारीची क्रेडिट नोट, १०,००० ची, कर १,८००. योजनेतली सूट दिलीय. कागद तुमच्याकडे आलाच नाही, म्हणून पुस्तकात नाही. फोन करून नोट मागवा, खरी असेल तर जानेवारीतच नोंदवा आणि इनपुट तेवढं कमी करा. क्रेडिट नोट आवडली नाही म्हणून Reject करू नका. तसं केलं तर त्याच्या करात ते १,८०० पुन्हा चढतात आणि वर्षानुवर्षांच्या संबंधात विनाकारण वितुष्ट येतं. सूट ठरल्याप्रमाणे दिलेलीच नसेल, तर मात्र Reject बरोबर आहे.

चौथी नोंद मला सर्वांत जास्त खटकली. तुम्ही कधी नावही न ऐकलेल्या एका व्यापाऱ्याचं ४०,००० चं बिल, कर ७,२००. घाईने Reject करण्याआधी घरी आणि दुकानात विचारा. कोणीतरी घरासाठी ऑनलाइन काहीतरी मागवताना दुकानाचा जीएसटीआयएन दिलेला असतो, असं बऱ्याचदा निघतं. तसं असेल तर बिल खरं, पण वस्तू घरच्या वापराची, तेव्हा क्रेडिट मिळत नाही. ते 4(A)(5) मध्ये येऊ देऊन 4(B)(1) मध्ये कायमचं उलटवायचं. तुम्ही चौकशी करून कोणीच मागवलेलं नाही असं कळवलंय, तेव्हा हे Reject करा. कोणीतरी चुकून किंवा मुद्दाम तुमचा नंबर वापरलाय. अशा बिलावर काहीच न करता सोडलं, तर IMS च्या नियमाप्रमाणे ते स्वीकारलं असंच धरलं जातं आणि ७,२०० आपोआप तुमच्या क्रेडिटमध्ये जातात. उद्या तो व्यापारी बोगस बिलांच्या चौकशीत सापडला, तर त्याच्या यादीत तुमचं नाव असेल आणि ते क्रेडिट तुम्ही वापरलेलं असेल.

आता हिशोब मांडू. जुळलेलं १,४२,९२०, त्यात बँकेचे ४३२ मिळवा, क्रेडिट नोटेचे १,८०० वजा करा: १,४१,५५२. हाच आकडा दुसऱ्या बाजूने पडताळा. 2B चे १,६४,९५२, त्यातून Pending केलेले १६,२०० आणि Reject केलेले ७,२०० गेले, की १,४१,५५२. दोन वाटांनी एकच आकडा आला म्हणजे काम बरोबर झालं. तो येत नसेल तर 3B भरू नका, एखादं बिल कुठेतरी दोनदा मोजलं गेलंय किंवा सुटलंय.

IMS मध्ये हे दोन बदल केल्यावर 2B पुन्हा गणावी लागते. १४ तारखेनंतर IMS मध्ये काही केलं तर ते आपोआप 2B मध्ये उतरत नाही, Compute GSTR-2B दाबावं लागतं. ते झालं की 3B च्या 4(A)(5) मध्ये १,४१,५५२ आणि 4(D)(2) मध्ये म्हापशाचे ५,४०० आपोआप आलेले दिसतील. 4(D)(2) हा नुसता माहितीचा रकाना आहे, त्याने तुमचं क्रेडिट कमी-जास्त होत नाही. 3B भरल्यानंतर त्या महिन्याच्या IMS नोंदी बदलता येत नाहीत, म्हणून २० तारखेच्या संध्याकाळपर्यंत थांबू नका. १२ तारखेलाच IMS उघडून पाहण्याचा आणखी एक फायदा आहे. पुरवठादाराने बिल नुसतं सेव्ह केलं असलं तरी ते तिथे दिसतं. तिथे दिसतं पण 2B मध्ये नाही, म्हणजे त्याने रिटर्न सबमिट करायचं ठेवलंय. मग फोनवर काय बोलायचं ते नेमकं कळतं.

टॅलीत एक खातं नवीन उघडा, 'जीएसटी येणे, 2B बाकी' अशा नावाचं. महिनाअखेरीला रत्नागिरीचे १०,८००, कुडाळचे ३,६०० आणि म्हापशाचे ५,४०० असे १९,८०० इनपुट खात्यातून या खात्यात जर्नल नोंदीने वळवा, प्रत्येक बिल वेगळ्या ओळीत, पुरवठादाराच्या नावासह. बिल 2B मध्ये आलं की ती ओळ परत इनपुटला. मग तुमच्या पुस्तकातल्या इनपुट खात्याची शिल्लक आणि पोर्टलवरच्या क्रेडिट लेजरची शिल्लक दर महिन्याला एकसारखी राहील, आणि कोणाकडून किती क्रेडिट यायचंय हे एका खात्यात दिसेल. तुमच्याकडे 'दर महिन्याला असा थोडा फरक राहतोच' असं जे होतंय, ते हे खातं नसल्यामुळे. मागचा फरक पुढच्या महिन्यात मिसळतो आणि मग कुठल्या बिलाचा कुठला फरक ते कोणालाच सांगता येत नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला या खात्यात मार्चपर्यंतची जी बिलं उरली असतील, त्यांच्यामागे जोरात लागा. पुरवठादाराने ११ नोव्हेंबरपर्यंत भरायच्या GSTR-1 मध्ये ती आली तरच ३० नोव्हेंबरच्या आत तुम्हाला ती घेता येतील. नंतर तो कर तुमच्या खर्चातच जाईल.

याच यादीवरून वर्षातून एकदा आणखी एक तपासणी करा. काही पुरवठादार GSTR-1 भरतात पण 3B भरत नाहीत, म्हणजे बिल तुमच्या 2B मध्ये येतं आणि कर सरकारात जात नाही. नियम ३७ए प्रमाणे आर्थिक वर्षानंतरच्या ३० सप्टेंबरपर्यंत त्याने 3B भरलं नाही, तर ३० नोव्हेंबरपर्यंत तुम्ही ते क्रेडिट उलटवायचं असतं. त्याने पुढे भरलं की परत घेता येतं. पोर्टलवर पुरवठादाराच्या जीएसटीआयएनखाली त्याने भरलेल्या रिटर्नची यादी दिसते. मोठ्या रकमेच्या पुरवठादारांपुरती सप्टेंबरमध्ये ती नजरेखालून घाला.

कोकणात काजूचा कारखाना असलेल्यांनी हा हिशोब तुमच्यासारखा लावताना एक फरक करावा. शेतकऱ्याकडून सोलाईच्या आधीचा काजू घेतला तर त्यावर ५ टक्के कर खरेदीदारानेच उलट आकारणीने रोख भरायचा असतो. शेतकरी नोंदणीकृत नसल्यामुळे ही खरेदी 2B मध्ये कधीच येणार नाही. माल मिळाल्यापासून ३० दिवसांत स्वतःचं बिल बनवायचं, कर 3.1(d) मध्ये दाखवून भरायचा आणि क्रेडिट 4(A)(3) मध्ये घ्यायचं. फेब्रुवारी ते मे हंगामात ही रक्कम मोठी असते. ती आधी बाजूला काढून ठेवली नाही, तर जुळवणीत पुस्तक आणि 2B मधला फरक भलताच दिसतो आणि त्या ढिगात खरी सुटलेली बिलं दडून बसतात.

तुमच्यासाठी आज करायचं काम एवढंच: IMS मध्ये कोल्हापूरचं बिल Pending, अनोळखी बिल Reject, 2B पुन्हा गणून 4(A)(5) मध्ये १,४१,५५२ आलं का ते बघा आणि मगच 3B भरा. भरण्याआधी कुडाळ आणि म्हापसा दोघांनाही फोन करा. त्यांचे फेब्रुवारीचे GSTR-1 ११ मार्चला जायचे आहेत, आणि ते एकदा गेले की तुमची दुरुस्ती आणखी एक महिना पुढे ढकलली जाईल.